कुलूप न कापल्याचा खुलासा

नोटीस आली तेव्हा ताई चादरी मोजत होत्या. तीनशे बारा झाल्या होत्या. ऑफिसच्या शिपायाने पाकीट पुढे धरलं आणि नजर चुकवत म्हणाला, "ताई, इथे सही." ताईंनी सही केली, सहीखाली वेळ लिहिली, पाकीट फोडलं, उभ्याउभ्या वाचलं आणि आकडा विसरल्या. चौदा वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. परत एकपासून मोजायला लागलं.

ही लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं कपडे धुण्याचं दुकान नव्हे. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी ट्रकने यायच्या आणि ट्रकने जायच्या. ताई तिथे घड्या घालायला लागल्या होत्या, आता दुपारपाळीच्या सुपरवायझर होत्या. सगळं खातं त्यांना ताई म्हणायचं, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. बाईंचा आवाज खणखणीत, हिशोब चोख आणि जिभेला हाड नाही. या तिसऱ्या गुणानेच सगळं रामायण घडवलं होतं, पण ते पुढे.

नोटिशीत लिहिलं होतं की ताईंनी वरिष्ठांचा आदेश धुडकावला, वेळोवेळी आज्ञाभंग केला, आक्षेपार्ह भाषा वापरली आणि त्यामुळे माल उशिरा गेला. हे गैरवर्तन सिद्ध झालेलं असून आपल्याला सेवेतून कमी का करू नये, याचा खुलासा अठ्ठेचाळीस तासांत करावा. खाली सही प्लँट मॅनेजरची, म्हणजे नव्या साहेबांची.

संध्याकाळी घरी नोटीस टेबलावर ठेवली तेव्हा नवरा बसची ड्युटी संपवून नुकताच टेकला होता. त्याने वाचलं आणि सरळ म्हणाला, "माफी माग आणि मोकळी हो. आमच्या डेपोत महिन्याला चार निघतात असल्या."

"कशाची माफी मागू? कुलूप कापलं नाही म्हणून?"

"कशाची का असेना. माफीला कारण लागतं होय?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासरे आले. चष्मा कपाळावर, पायात सपाता. त्यांनी एका मोठ्या कारखान्याच्या आस्थापना विभागात तीस वर्षं काढली होती आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांच्या वाट्याला वीजबिलावरच्या तक्रारी आणि सोसायटीच्या सूचना एवढंच लिखाण उरलं होतं. त्यांनी नोटीस उचलली, चष्मा खाली घेतला आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा असा काही उजळला की ताईंना रागच आला.

"बाबा, माझी नोकरी जायची वेळ आलीय आणि तुम्ही हसताय?"

"अगं, हसत नाही. पण काय भोंगळ नोटीस आहे ही! तारीख नाही, वेळ नाही, आदेश काय होता ते नाही, कुठल्या नियमाखाली ते नाही. 'वेळोवेळी' म्हणजे कधी? आणि 'सिद्ध झालेलं असून' म्हणे! सिद्ध झालंय तर खुलासा कशाला मागतोस बाबा? माझ्या हाताखालच्या पोराने असा मसुदा आणला असता तर तोंडावर फेकला असता मी."

"म्हणजे तुम्हीपण हेच लिहायचात?"

"तीस वर्षं," म्हातारा म्हणाला, आणि नोटीस टेबलावर टाकत म्हणाला, "पण यापेक्षा नीट."

मग त्यांनी कोरे कागद काढले, पेन्सिलीला टोक केलं आणि सुनेला समोर बसवलं. "आता नेमकं काय घडलं ते सांग. पहिल्यापासून. आणि तिखटमीठ न लावता."

तर मंगळवारी घडलं ते असं. लाँड्रीत एक मोठी इस्त्री आहे. इस्त्री म्हणजे खोलीएवढं यंत्र, तापलेले लांबलचक रूळ, एका बाजूने ओली चादर आत जाते आणि दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर येते. त्या रुळांवर जाड कापडाचं अस्तर असतं, ते झिजलं की बदलावं लागतं. बदलायला फिटर आत शिरतो. शिरायच्या आधी तो मेन स्विच बंद करतो आणि त्याच्या दांड्याला स्वतःचं लाल कुलूप लावतो. कुलपावर त्याचा फोटो, किल्ली त्याच्याच खिशात. काम झालं की त्यानेच कुलूप काढायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कारण सरळ आहे. कुलूप लटकतंय याचा अर्थ माणूस आत आहे.

मंगळवारी दुपारी फिटरने अस्तर बदललं. त्याला सगळे पाना म्हणतात, कारण पाना कमरेला नसेल तर तो जेवायलासुद्धा बसत नाही. चारला त्याची पाळी सुटली. सव्वाचारला पाहतात तर काम झालेलं, झाकणं लागलेली, पाना गायब आणि स्विचवर लाल कुलूप तसंच. फोन केला. फोन वाजला तो पान्याच्या लॉकरमध्येच.

"लॉकरमध्ये?" सासरे लिहिता लिहिता थांबले.

"तीच तर भीती ना, बाबा! फोन इथे, कुलूप इथे, मग माणूस कुठेय? गेटवर विचारलं, तर वॉचमन म्हणाला जाताना पाहिलं नाही. टॉर्च घेऊन मी रुळांच्या मागे बघून आले. दिसला नाही. पण वाफेचा पाइप जिथून छतावर जातो ना, तिथल्या पंख्यापाशीसुद्धा माणूस जातो, आणि तो पंखासुद्धा त्याच स्विचवर आहे. माळ्यावर चढायला मी एकाला पाठवलं. तेवढ्यात साहेब आले."

नवे साहेब येऊन सहाच महिने झाले होते. हुशार, चटपटीत, पायाला चाकं लावल्यासारखे. हॉटेलच्या चारशे चादरी साडेपाचच्या ट्रकने जायच्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, कुलूप पाहिलं आणि म्हणाले, "कापा ते."

आता कुलूप कापताच येत नाही असं नाही. नियम आहे, भिंतीवर लावलेला आहे. माणूस आवारात नाही याची खात्री करायची. त्याला गाठायचा प्रयत्न करायचा. मग लाल रजिस्टरात सुपरवायझरने आणि प्लँट मॅनेजरने, दोघांनी सही करायची, आणि मगच कात्री. परत कामावर आल्यावर त्या माणसाला आधी सांगायचं की तुझं कुलूप कापलंय. ताईंनी कपाटातून लाल रजिस्टर काढलं, पान उघडलं, साहेबांसमोर धरलं आणि म्हणाल्या, "अजून माळा बघायचाय. पण तुमची खात्री असेल तर तुम्ही सही करा, साहेब. तुमच्याखाली मी करते आणि कापते."

"मी इथे सह्या करत बसायला आलो नाही. मी सांगतोय म्हणून कापा."

"मग?" सासऱ्यांनी विचारलं.

ताई उठून नवऱ्याच्या कपात आणखी चहा ओतू लागल्या.

"अगं, मग काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, सही येत नसेल तर अंगठा लावा. मी शाई आणते."

नवरा फिस्सकन हसला आणि हातातला चहा त्याच्या शर्टावर सांडला. सासरे हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"किती जणांसमोर?"

"अकरा. सगळे हसले, बाबा. साहेबांचे कान लाल झाले. पाय आपटत निघून गेले."

माळ्यावरचा शोध अजून संपला नव्हता, तेवढ्यात पाच वाजता पाना धापा टाकत परत आला. मागच्या गेटने ट्रक सुटत होता, ड्रायव्हरने हाक मारली आणि हा उडी मारून बसला होता. घरी गेला आणि घराच्या दाराला किल्ली लागेना. दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली, बायकोने आतून दार उघडून विचारलं की ही लाल किल्ली कुणाची? तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. येऊन कुलूप काढलं, इस्त्री सुरू झाली, ट्रक सहा वाजून दहा मिनिटांनी सुटला. चादरी हॉटेलात आठपर्यंत पोहोचायच्या होत्या, त्या सात वीसला पोहोचल्या. तसा शिक्का चलनावर आहे.

सगळं ऐकून सासऱ्यांनी लिहिलेलं पहिल्यापासून वाचलं. "रजिस्टरमध्ये काय लिहिलंयस?"

"काही नाही. सहीच झाली नाही, तर लिहिणार काय?"

"म्हणजे पान कोरं." त्यांनी मान हलवली. "तू रजिस्टर पुढे केलंस याला कागद नाही. तो म्हणेल, बाईने नुसता नकार दिला. आणि त्या अकरांपैकी साहेबाविरुद्ध कोण बोलणार?"

इतका वेळ ताईंना वाटत होतं की खरं आहे तेवढं पुरे.

पण म्हातारा कामाला लागला, आणि कामाला लागलेला माणूस बघून घरात थोडा धीर येतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ताईंबरोबर एक छोटं पत्र पाठवलं: सेवानियमांप्रमाणे खुलाशाला सात दिवस मिळतात, अठ्ठेचाळीस तास नव्हे, आणि ज्या तक्रारीवरून ही नोटीस काढली त्या तक्रारीची प्रत मला मिळावी. "सेवानियम तुझ्या नेमणूकपत्राला जोडलेले आहेत, ते मी पाहिलेत. तू सुपरवायझर आहेस, कामगारांचे नियम तुला लागू होतीलच असं नाही. दोन प्रती ने. आवक खिडकीवर एक दे, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. तो क्लार्क म्हणेल नंतर देतो. नंतर म्हणजे कधीच नाही. मीच कितीजणांना म्हटलंय."

ताई हलल्या नाहीत. शिक्का घेतला. सात दिवस मिळाले, तक्रारीची प्रत मिळाली नाही.

रविवारी दुपारी मसुदा तयार झाला. साडेतीन पानं, सासऱ्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात. पहिली ओळ होती, माझे सर्व हक्क अबाधित ठेवून हा खुलासा सादर करीत आहे. पुढे हरकती. नोटीस संदिग्ध आहे, त्यात तारीख, वेळ, आदेशाचे शब्द आणि नियमाचा क्रमांक नाही, त्यामुळे नेमकं उत्तर देणं अशक्य आहे. तक्रारीची प्रत मागूनही दिलेली नाही. गैरवर्तन सिद्ध झालं असं आधीच म्हटल्यामुळे निर्णय अगोदर ठरवल्याचं दिसतं. नोटीस ज्यांनी काढली तेच तक्रारदार आहेत आणि तेच साक्षीदार आहेत, तेव्हा या प्रकरणाचा निर्णय त्यांनी करू नये. माझ्या नेमणूकपत्रावर जनरल मॅनेजरांची सही आहे, सबब निर्णयाचा अधिकार त्यांचा आहे.

"नोटीस तो काढू शकतो," सासरे समजावत होते. "त्यावर फार ताणायचं नाही. पण तक्रार करणार तो, न्याय करणार तो, असं चालत नाही. म्हणून मूळ खुलासा त्याच्या नावे, आणि प्रत मोठ्या साहेबांना. समजलं?"

मग प्रत्यक्ष उत्तर. सुरक्षा नियमाविरुद्ध दिलेला आदेश हा कायदेशीर आणि वाजवी आदेश होत नाही. मी नकार दिला नाही, नियमाप्रमाणे सही मागितली. माल ठरल्या वेळेत पोहोचला, चलनाची प्रत जोडली आहे. शेवटी विनंती: नोटीस मागे घ्यावी, ते शक्य नसल्यास प्रत्यक्ष सुनावणी द्यावी, सोबत एक सहकारी आणू द्यावा आणि कागद मिळाल्यावर अधिक खुलासा करण्याची मुभा असावी.

"बाबा, काय लिहिलंय हो!" ताई खरोखर हरखल्या. "हे वाचून मलाच माझा आदर वाटायला लागला."

म्हाताऱ्याने मिशीतल्या मिशीत हसत पान उलटलं. आणि तिथेच माशी शिंकली. आठवा मुद्दा होता: आक्षेपार्ह भाषा वापरल्याचा आरोप पूर्णपणे नाकारण्यात येतो.

ताईंनी तो दोनदा वाचला. "हे खोटं आहे."

"हे उत्तर आहे. नोटिशीत शब्द दिलेत का त्याने? नाही. मग सिद्ध त्याने करायचं."

"अकरा जणांनी ऐकलंय, बाबा. माझ्या हाताखालचे अकरा जण. उद्या मी त्यांना सांगणार की रजिस्टरात खरं तेच लिहा, आणि मी स्वतः सही करणार या खोट्याखाली?"

"मग मौन धर. नाकारू नको, कबूलही करू नको."

"मी बोलले ते चुकलंच ना? कुलूप कापलं नाही ते बरोबर केलं, पण चारचौघांत माणसाला अंगठेबहाद्दर ठरवलं ते चूक. दोन्ही लिहू की."

"अगं, नको गं!" सासऱ्यांचा आवाज एकदम चढला. इतक्या वर्षांत ते सुनेवर कधी ओरडले नव्हते. नवरासुद्धा दारात येऊन उभा राहिला. "तुला माहीत नाही काय होतं ते. तो टर्नर होता ना आमच्याकडे. आता पलीकडच्या गल्लीत लेथचं वर्कशॉप आहे त्याचं. फोरमनला शिवी दिली म्हणून नोटीस निघाली त्याला. शिवी दिली होती, पण का दिली तेही होतं. भला माणूस, सगळं प्रामाणिकपणे लिहिलं त्याने. चार पानं. मी पहिलं पान वाचलं, शिवीची कबुली सापडली, पुढची तीन उलटलीसुद्धा नाहीत. टाइप केलं: आपण स्वतःच कबूल केले असल्याने आपला खुलासा असमाधानकारक वाटतो. गेला घरी. खरं सांगू? ते पत्र मी त्याचा खुलासा यायच्या आधीच अर्धं टाइप करून ठेवलं होतं. सगळ्यांचंच ठेवायचो. वेळ वाचायचा."

सासरे रोज सकाळी पेपर आणायला लांबच्या रस्त्याने का जातात, हे ताईंना आत्ता कळलं. जवळचा रस्ता त्या वर्कशॉपवरून जात होता. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असंच ते आजवर सांगत आले होते.

ताईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मग आठवा मुद्दा एका रेघेने खोडला आणि त्याच्याखाली स्वतःच्या गिचमिड अक्षरात लिहिलं: साहेबांनी रजिस्टरवर सही करण्यास नकार दिला तेव्हा मी 'सही येत नसेल तर अंगठा लावा, मी शाई आणते' असे बोलले. हे मी बोलायला नको होते. एवढ्याबद्दल मी माफी मागते. कुलूप न कापल्याबद्दल मागत नाही.

"झालं," सासरे म्हणाले. "घेतलंस ओढवून."

"घेतलं तर घेतलं."

सोमवारी खुलासा दिला, शिक्का घेतला. मग आठ दिवस काही नाही. हे आठ दिवस वाईट गेले, उगाच कशाला लपवा. ताई चादरी मोजायच्या आणि प्रत्येक शंभराला वाटायचं, पुढच्या महिन्यात हे कोण मोजेल? पाना तर रोज येऊन तोंड पाडून उभा राहायचा. "ताई, माझ्यामुळे झालं सगळं. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं."

"तू कुलूप विसरलास, लेका, हातपाय नाही विसरलास ना आत? मग कामाला लाग," ताई म्हणायच्या. पण रात्रीचं जेवण त्यांना जात नव्हतं.

नवव्या दिवशी जनरल मॅनेजरांनी बोलावलं. खोलीत लांब टेबल, पाण्याचा जग, एका बाजूला नवे साहेब, मधे मोठे साहेब, कडेला पर्सोनेलच्या बाई लिहून घ्यायला. ताईंनी सोबत धुलाई खात्याच्या सुपरवायझरला नेलं होतं, ज्याला सगळे साबण म्हणायचे. तो साबण इतका घाबरला होता की बसताना खुर्ची चुकता चुकता राहिली.

मोठे साहेब म्हातारे, शांत, बोलायला कंजूष. त्यांनी आधी नव्या साहेबांना बोलायला सांगितलं.

"सर, मुद्दा एकच आहे," नवे साहेब म्हणाले. "आत कुणी नव्हतं. फिटर घरी होता. म्हणजे कुलूप कापण्यात काहीच धोका नव्हता. बाईंनी निष्कारण पाऊण तास घालवला, कारण दिलं नाही, सरळ नकार दिला."

मोठ्या साहेबांनी ताईंकडे पाहिलं. "आत कुणी नव्हतं हे खरं ना?"

"खरं आहे, साहेब. पण ते मला पाच वाजता कळलं. सव्वाचारला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं."

पर्सोनेलच्या बाईंचं पेन क्षणभर थांबलं, मग परत चालू झालं.

"रजिस्टर पुढे केलं होतंत?"

"हो."

"नाही सर," नवे साहेब म्हणाले. "रजिस्टर वगैरे काही समोर आलं नाही. पान कोरं आहे, बघा तुम्ही."

झालं, ताईंच्या मनात आलं, बाबा म्हणाले तेच झालं. त्यांनी साबणाकडे पाहिलं. साबण पाण्याच्या जगाकडे बघत होता.

मोठे साहेब पर्सोनेलच्या बाईंना म्हणाले, "यांनी तक्रारीची प्रत मागितली होती, ती दिली गेलेली नाही. हरकत रास्त आहे. आता एक प्रत त्यांच्या हातात द्या, आणि मोठ्याने वाचा."

बाईंनी प्रत दिली आणि वाचलं. सदर सुपरवायझरने कोणतेही कारण न देता आदेश नाकारला, कोणतेही रजिस्टर समोर आणले नाही, उलट अकरा कर्मचाऱ्यांसमोर 'सही येत नसेल तर अंगठा लावा, मी शाई आणते' असे अपमानास्पद उद्गार काढले.

"हे असंच बोलल्या त्या?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"अगदी असंच, सर. शब्द न् शब्द."

"आणि बाई, तुम्ही खुलाशात तेच कबूल केलंय. हाताने लिहिलंय."

"हो साहेब. चुकलं माझं."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग नव्या साहेबांना अगदी हळू आवाजात विचारलं, "अंगठा कशावर लावायचा होता?"

नव्या साहेबांचे कान परत एकदा लाल झाले, त्या मंगळवारी झाले होते तसेच.

"रजिस्टर समोर नव्हतं तर सहीचा विषय निघाला कुठून?" मोठे साहेब म्हणाले. "बोलणं तुम्ही दोघंही मान्य करताय. मग रजिस्टरही होतंच."

ताईंना तेव्हा कुठे उमगलं. आठवा मुद्दा तसाच राहिला असता, बोललेच नाही असं त्यांनी म्हटलं असतं, तर हे दार त्यांनी स्वतःच्या हाताने लावून घेतलं असतं.

नवे साहेब मात्र पळपुटे नव्हते, हे सांगितलं पाहिजे. टेबलाशी सरसावून बसले आणि म्हणाले, "होतं, सर. लाल रजिस्टर. सगळे हसत होते, मला दुसरं काही दिसतच नव्हतं."

चार दिवसांनी पत्र आलं. ताईंनी ते खात्यात उघडलं नाही. घरी आणलं आणि सासऱ्यांच्या हातात दिलं. "तुम्हीच वाचा, बाबा. तुमची केस."

म्हाताऱ्याने कात्रीने पाकिटाची कड नीट कापली. नवरा मागे उभा राहून डोकावत होता. सासरे वाचू लागले. "आपण सादर केलेला खुलासा व सुनावणीतील कथन विचारात घेता..." इथे ते अडखळले. चष्मा वर केला, खाली केला.

"काय झालं? वाचा ना!"

"...आपला खुलासा समाधानकारक वाटल्याने सदर नोटीस मागे घेण्यात येत आहे. भाषेबाबत यापुढे संयम बाळगावा, अशी समज देण्यात येते."

"जिंकलीस की गं!" नवऱ्याने ताईंच्या पाठीत थाप मारली. "आणि समज तर मी लग्नापासून देतोय."

ताई हसल्या, रडल्या, परत हसल्या. सासरे मात्र पत्र धरून तसेच बसले होते. बोट त्या एका शब्दावर होतं.

"तीस वर्षांत हा शब्द मी एकदाही टाइप केला नाही, सूनबाई," ते म्हणाले. "एकदाही नाही. मला वाटायचं, पत्रात तो असतच नाही."

लाँड्रीतही सगळं ठीक झालं. दुसऱ्या दिवशी नवे साहेब खात्यात आले, लाल रजिस्टर मागितलं आणि भिंतीवरचा नियम उभं राहून अख्खा वाचला. जाताना म्हणाले, "ताई, पुन्हा वेळ आली तर सही करीन. शाई आणायची गरज नाही." अकराच्या अकरा जण हसले, आणि या वेळी साहेबही. ताईंनी समज लक्षात ठेवली, जीभ चावली आणि नुसतं "बरं साहेब" म्हणाल्या.

रविवारी सकाळी सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. ताईंनी विचारलं, "पेपरला निघालात?" ते हो म्हणाले. ताई कपडे वाळत घालायला गॅलरीत गेल्या. बाबा फाटकातून बाहेर पडले, नेहमीच्या वळणापाशी थांबले, आणि वळले नाहीत. सरळ जवळच्या रस्त्याने गेले. गॅलरीतून दिसणाऱ्या त्या वर्कशॉपचं शटर उघडं होतं, लेथ चालू असल्याचा आवाज येत होता. बाबा दारात उभे राहिले. आतला माणूस त्यांच्याकडे बघत राहिला, मग हात लांब करून त्याने मशीन बंद केलं.

एवढ्या लांबून बोलणं काही ऐकू येत नव्हतं. ताई ओली चादर हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. बाबा काहीतरी बोलत होते, बराच वेळ, हात न हलवता. मग टर्नरने एक स्टूल ओढलं, हातातल्या फडक्याने पुसलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

त्या दिवशी पेपर यायला दहा वाजले.